खिडकीजवळची पंधरा मिनिटं

गल्लीत तिला सगळे दातवाली वहिनी म्हणत. डॉक्टर नसूनही तिच्यासमोर आ वासणाऱ्यांची कमतरता नव्हती. जिन्यात, दुकानात, कपडे वाळत घालताना कुणीही जबडा उघडून विचारायचं, ही दाढ काढावी लागेल का हो? ती सांगायची, की बाबांनो, मी दात काढत नाही, बनवते. दंतवैद्य जबड्याचं माप पाठवतात, त्यावरून आम्ही लॅबमध्ये कॅप आणि कवळ्या करतो, आणि मी आजवर एकाही पेशंटचं तोंड पाहिलेलं नाही. लोक मान हलवायचे आणि परत आ वासायचे.

पण हे खरं होतं. बारा वर्षांत तिच्या टेबलावर माणसं आली ती प्लास्टरच्या जबड्यांच्या रूपात. प्रत्येकासोबत एक चिठ्ठी, चिठ्ठीवर शेडचा नंबर. शेड गाइड म्हणजे दातांच्या नमुन्यांची एक पट्टी, सोळा दात, सोळा रंग, प्रत्येकाला नंबर. दंतवैद्य लिहितात ए-टू, की वहिनी ए-टू बनवणार. तिच्या हाताची कॅप तोंडात बसली की शेजारच्या खऱ्या दाताला संशय येत नसे. त्यात तिचा हात धरणारा लॅबमध्ये कोणी नव्हता आणि हे तिला चांगलं माहीत होतं.

मग तो फोटो आला आणि वहिनीच्या सुखी संसारात माशी शिंकली.

एका गृहस्थाच्या पुढच्या दाताची कॅप करायची होती. शेड अवघड होती म्हणून दंतवैद्यांनी हसऱ्या चेहऱ्याचा फोटो पाठवला. वहिनीने तो दोन दिवस समोर ठेवला, कॅप केली, पाठवली. दंतवैद्यांचा फोन आला की अप्रतिम बसली. आणि जाता जाता त्यांनी विचारलं, त्यांचा डावा डोळा पाहिलात का? कृत्रिम आहे. वहिनीने फोटो पुन्हा काढला. एक डोळा खोटा आहे हे सांगितल्यावरसुद्धा तिला कोणता ते ओळखायला वेळ लागला. रंग जुळवण्यावर जिचं पोट चालतं, ती दोन दिवस त्या चेहऱ्यासमोर बसली होती आणि ओठांच्या वर तिची नजर गेलीच नव्हती.

त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना. कृत्रिम डोळा कवळीच्याच ॲक्रिलिकचा करतात, आधी मेणाचा नमुना, मग साचा, मग शिजवणं, मग पॉलिश, हे सगळं तिने शोधून वाचलं. बुबुळ हाताने रंगवतात. पांढऱ्या भागावरच्या शिरांसाठी तांबड्या रेशमाचे धागे, केसापेक्षा बारीक, एकेक करून बसवतात. वाचता वाचता तिचे हात शिवशिवायला लागले. सदतिसाव्या वर्षी असं काही होईल असं तिला वाटलं नव्हतं. एका मोठ्या इस्पितळात या कामाचा वर्षभराचा प्रशिक्षणवर्ग होता, अर्जाची मुदत महिनाअखेर होती, आणि त्यांना दातांच्या लॅबमधले हात चालत होते.

नेमकं तेव्हाच लॅबच्या मालकांनी तिला केबिनमध्ये बोलावून सिरॅमिक विभागाची प्रमुख हो म्हणून सांगितलं. बारा वर्षं जिची वाट पाहिली ती खुर्ची. फक्त तीन वर्षं लॅब सोडायची नाही असं लिहून द्यायचं, आणि उत्तर पुढच्या मंगळवारी संध्याकाळपर्यंत. मालक माणूस भला होता, त्यामुळे वहिनीची पंचाईत अधिकच झाली. वाईट माणसाला नाही म्हणणं सोपं असतं.

घरी नवऱ्याने ऐकून घेतलं. तो बस आगारात टाइमकीपर होता. कोणती गाडी किती मिनिटं उशिरा आली ते लिहिणं हे त्याचं काम, आणि ते काम त्याच्या हाडांत मुरलं होतं. तो म्हणाला, "दोन्हीतलं काहीही कर, पण मंगळवारी संध्याकाळी तुझी गाडी सुटलेली असली पाहिजे. फलाटावर उभी राहू नकोस."

वहिनीला भीती एकच होती आणि ती तिने नवऱ्यालाही नीट सांगितली नाही. आपल्याला रंग दिसतात, की फक्त नंबर दिसतात? हे सांगू शकेल असं एकच माणूस तिला ठाऊक होतं. त्या गृहस्थांचा डोळा ज्यांनी केला होता त्या बाई. सव्वीस वर्षं हेच काम, इस्पितळाच्या वर्गातही त्या अधूनमधून शिकवायच्या. दंतवैद्यांनी त्यांचा ई-मेल दिला आणि वहिनीने गुरुवारी बसून त्यांना पत्र लिहिलं. पत्र साडेतीन पानं झालं.

ते तिने नणंदेला दाखवलं. नणंद एका बड्या सर्जनची सेक्रेटरी होती. साहेबांना रोज येणाऱ्या पत्रांतलं कुठलं जगतं आणि कुठलं मरतं ते तीच ठरवायची, आणि त्यामुळे तिच्या बोलण्याला एक प्रकारचा न्यायाधीशी थाट आला होता. तिने साडेतीन पानं वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, की वहिनी, हे पत्र आहे की आत्मचरित्र? पहिलं पान तर तू सातवीत असतानाचं आहे.

मग तिने समजावून सांगितलं. साहेबांना अशी पत्रं रोज येतात. मार्गदर्शन करा, वेळ द्या, तुमच्यासारखं व्हायचंय. साहेब वाईट नाहीत, पण यांना नक्की काय हवंय आणि किती वेळ हवाय ते कळत नाही, म्हणून ते म्हणतात नंतर बघू. 'नंतर' नावाचा एक फोल्डरच आहे. त्यात साडेचारशे पत्रं आहेत आणि आजवर एकही बाहेर आलेलं नाही.

"नाही म्हणायला माणसाला लाज वाटते, वहिनी. म्हणून तो नाही म्हणत नाही आणि हो पण म्हणत नाही. तू त्या बाईंना दार उघडून दे. जायचं असेल तर जाऊ देत बिचाऱ्या."

वहिनीला हे पटायला वेळ लागला. आपणच नकाराचा रस्ता दाखवायचा म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणं नाही का? नणंद म्हणाली, ज्या घरातून उठता येणार नाही त्या घरात कुणी बसायलाच येत नाही. आणि प्रश्न एकच. वहिनीच्या पत्रात नऊ होते. त्यांतले पाच इस्पितळाच्या माहितीपत्रकात छापलेले निघाले, त्यांवर नणंदेने सरळ काट मारली. जे कागदावर मिळतं ते माणसाला विचारायचं नाही. उरले चार. त्यांतला कुठला विचारला नाहीस तर मंगळवारी मालकांना उत्तर देता येणार नाही, असं तिने विचारलं, तेव्हा वहिनीने पेन उचललं आणि जो प्रश्न लिहिला तो त्या चारांतला नव्हताच.

शेवटी जे पत्र गेलं ते असं होतं:

"नमस्कार. मी बारा वर्षं दातांच्या लॅबमध्ये काम करते. आपण डावा डोळा केलेल्या एका गृहस्थांच्या पुढच्या दाताची कॅप मी केली. त्यांचा फोटो दोन दिवस माझ्यासमोर होता, तरी डोळा कृत्रिम आहे हे मला कळलं नाही. तेव्हापासून हे काम शिकावं असं मनात आहे. मला आपल्याला एकच प्रश्न विचारायचा आहे: शेड गाइडवर तयार झालेल्या हाताला बुबुळाचा रंग जुळवायला शिकताना सगळ्यांत आधी काय विसरावं लागतं? यासाठी आपली पंधरा मिनिटं मिळतील का, फोनवर किंवा व्हिडिओवर, मंगळवार दुपारपर्यंत आपल्या सोयीने केव्हाही? मी नोकरी किंवा शिफारस मागत नाही. बोलायला वेळ नसेल तर दोन ओळींचं उत्तरही पुरेल. आणि जमणारच नसेल तर फक्त 'नाही' एवढं लिहावं. उत्तर आलं नाही तरी मी समजून घेईन आणि पुन्हा त्रास देणार नाही."

पाठवायचं बटण दाबलं आणि वहिनीला वाटलं आपण कड्यावरून उडी मारली.

शुक्रवारचा दिवस तिने फोन ॲप्रनच्या खिशात घालून काढला. लॅबमध्ये फोन ड्रॉवरमध्ये ठेवायचा नियम होता आणि बारा वर्षांत तिने तो पहिल्यांदा मोडला. फोन दर दहा मिनिटांनी आपोआप थरथरतोय असं तिला वाटत होतं. तो दोनदा खरंच थरथरला, एकदा बँक आणि एकदा नणंद, आलं का म्हणून. पॉलिश करताना एक कॅप हातातून निसटून टेबलाखाली गेली आणि वहिनी गुडघ्यांवर रांगत ती शोधत असताना तिसऱ्यांदा थरथरला.

उत्तर दोन ओळींचं होतं. "मंगळवार, सकाळी नऊ चाळीस ते नऊ पंचावन्न, व्हिडिओ. खिडकीजवळ बसा."

ती टेबलाखालीच बसून राहिली. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने खाली वाकून विचारलं, सापडली का? ती म्हणाली, हो, सापडली. कॅप शोधायचं तर तिने थांबवलंच होतं.

पुढचे तीन दिवस तिचे पाय जमिनीवर नव्हते. खिडकीजवळ का, यावर घरात परिसंवाद झाला. नवऱ्याचं मत पडलं की तिथे नेटवर्क चांगलं येतं. नणंद म्हणाली, चेहरा नीट दिसावा म्हणून. वहिनीने खिडकी आतून-बाहेरून पुसली, पडदा काढून धुवायला टाकला आणि तीन साड्या उजेडात धरून पाहिल्या. नणंदेची शेवटची ताकीद एवढीच होती, की पंधरा मिनिटं म्हणजे पंधरा. त्या म्हणाल्या थांब, तरी थांबायचं नाही. शब्द दिलास तर पाळ.

मंगळवारी नऊ एकोणचाळीसला वहिनी खिडकीत बसली होती. मांडीवर वही, वहीत ते न विचारायचे चार प्रश्न, आणि हाताशी शेड गाइड. ते कशाला आणलं ते तिलाही सांगता आलं नसतं. नवरा बाहेरच्या खोलीत घड्याळ घेऊन उभा होता आणि चौदाव्या मिनिटाला दारावर टिचकी मारणार होता.

पडद्यावर एक साठीच्या आसपासच्या बाई दिसल्या. पांढरे आखूड केस, बोटांवर रंगाचे डाग. वहिनीने आभार मानायला सुरुवात केली तर त्यांनी हाताने थांबवलं आणि म्हणाल्या की प्रश्न चांगला आहे, सरळ त्यावरच येऊ या. घरात आत्ता कोण आहे? वहिनी म्हणाली, नवरा. लग्नाला किती वर्षं झाली? चौदा.

"त्यांच्या डोळ्यांचा रंग सांगा. उठून बघायचं नाही."

वहिनीने डोळे मिटून नवऱ्याचा चेहरा समोर आणायचा प्रयत्न केला. चेहरा आला, पण डोळ्यांच्या जागी काही धड दिसेना. शेवटी ती म्हणाली, तपकिरी.

"तपकिरी म्हणजे तुमचं ए-टू झालं. बरं, त्यांच्या दातांची शेड?"

"वरचे पुढचे ए-थ्री. सुळे अर्ध्या शेडने गडद. डावा सुळा किंचित फिरलेला आहे आणि खालच्या एका दातावर पांढरा डाग आहे," वहिनी एका दमात म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं. तिला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडूही आलं. बाई हसल्या नाहीत.

त्या म्हणाल्या, हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर. विसरायचा तो नंबर. तुम्ही आधी नंबर शोधता आणि मग बघता, आणि नंबर सापडला की बघणं थांबतं. त्यात चूक काही नाही, लॅब अशीच चालते. आमच्याकडे पट्टी नाही, सोळा रंग नाहीत. दिवसाच्या उजेडात माणूस समोर बसतो, मी त्याचा चांगला डोळा बघून रंगवते, पुसते, परत रंगवते. दोन-दोन तास. आणि त्या दोन तासांत तोही माझ्याकडे बघत असतो, त्याच एका डोळ्याने. अपघात, आजार, जे झालं ते सगळं त्या बघण्यात असतं. हात तुमचा तयार आहे, ती कॅप मी पाहिली आहे, ते गृहस्थ दर सहा महिन्यांनी डोळा पॉलिश करून घ्यायला माझ्याकडे येतात. पण कुणीतरी आपल्याकडे बघत असताना त्याच्याकडे बघत राहणं तुम्हाला झेपेल का, ते मी इथून सांगू शकत नाही.

"ते कसं कळायचं?" वहिनीने विचारलं.

"फोन ठेवला की नवऱ्याला तुमच्या जागी बसवा आणि दहा मिनिटं बघा. बोलायचं नाही. कंटाळा आला, अवघडल्यासारखं झालं, तर लॅब सोडू नका. त्यात कमीपणा काही नाही. मी खूप चांगले हात या कामातून परत जाताना पाहिलेत."

दारावर टिचकी वाजली. वहिनीची नजर मांडीवरच्या वहीवर गेली. चारही प्रश्न तिथे मान वर करून बसले होते. बाई म्हणाल्या की माझ्याकडे अजून पाच मिनिटं आहेत, विचारा. वहिनीच्या जिभेच्या टोकावर पहिला प्रश्न आला होता. तिने वही मिटली.

"मी पंधरा मिनिटं मागितली होती. ती पुरली. खूप आभार."

बाईंनी तिच्याकडे क्षणभर नीट पाहिलं, मान हलवली आणि पडदा काळा झाला.

नवरा आत आला, घड्याळ दाखवत म्हणाला, चौदा मिनिटं पन्नास सेकंद, शाबास. वहिनीने त्याला हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि सांगितलं, की अहो, दहा मिनिटं गप्प बसायचं आणि माझ्याकडे बघायचं. त्याने विचारलं, काही चुकलं का माझं? ती म्हणाली, नाही, आणि समोर स्टूल ओढून बसली.

पहिली दोन मिनिटं कठीण गेली. दोघांनाही हसू येत होतं. तिची नजर सवयीने सारखी खाली, दातांकडे घसरत होती आणि ती तिला पुन्हा वर आणत होती. मग कधीतरी ते थांबलं. डाव्या डोळ्याच्या बुबुळावर खिडकीतला उजेड तिरका पडला होता आणि वहिनीला दिसलं की तिथे तपकिरी नावाचं काही नव्हतंच. कडेला एक राखाडी निळसर वलय होतं. आत कोऱ्या चहाचा रंग, पण सगळीकडे सारखा नाही. बाहुलीच्या जवळ तो गंजासारखा पिवळट झाला होता, आणि तिथून बारीक रेघा बाहेर धावत होत्या, काही वाटेतच थांबल्या होत्या. आणि घड्याळात पाच वाजतात त्या जागी तिळाएवढा एक काळा ठिपका होता. चौदा वर्षं तो तिथे होता. तिने कुठला रंग आधी लावायचा, कुठला वरून, ते मनात रंगवायला सुरुवात केली होती आणि तिची बोटं स्वतःच्याच गुडघ्यावर हलत होती. तिला इतका आनंद झाला होता की श्वास घ्यायचं भान नव्हतं.

नवऱ्याच्या डोळ्यात पाणी आलं. न मिटल्यामुळे असेल. तो हळूच म्हणाला, "इतका वेळ माझ्याकडे कुणी बघितलं नव्हतं गं."

ती लॅबमध्ये पोचली तेव्हा बत्तीस मिनिटं उशीर झाला होता, आणि नवरा आगारात किती उशिरा पोचला ते त्याने कुणालाच सांगितलं नाही. संध्याकाळची वाट न पाहता ती मालकांच्या केबिनमध्ये गेली आणि खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या म्हणाली. मालकांनी कारण विचारलं. तिने सांगितलं. ते म्हणाले, तुझं वेड आहे हे, पण अर्जाला अनुभवाचा दाखला लागेल तो मी देतो. वहिनीने बाहेर येऊन तोंड धुतलं.

दिवेलागणीला तिने अर्ज भरला आणि नंतर बाईंना चार ओळी लिहिल्या. आपली पंधरा मिनिटं कामाला आली. नवऱ्याच्या डाव्या डोळ्यात राखाडी निळं वलय, आत कोरा चहा, बाहुलीजवळ गंज, पाचच्या जागी तिळाएवढा ठिपका. मला कंटाळा आला नाही. आज अर्ज भरला. उत्तराची अपेक्षा नाही. नणंदेने फोनवर ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, यात काटायला काही नाही, पाठव.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन खिडकीत आलं होतं. नवरा दात घासत होता आणि वहिनी डबा भरत होती, तेवढ्यात फोन थरथरला. अपेक्षा नसलेलं उत्तर होतं, तेही दोनच शब्दांचं.

"आणि उजवा?"

वहिनीच्या हातातलं झाकण तसंच राहिलं. दातांच्या कामात डावा सुळा केला की उजवा आरशात दिसावा तसा त्याच्यासारखाच करायचा, दोन्ही बाजू सारख्या धरायच्या, हा तिचा बारा वर्षांचा हिशेब होता. तिने डावा डोळा पाहिला होता आणि दुसरा तसाच असणार असं धरून चालली होती. ती जोरात हसली, आपल्याच कपाळावर हात मारला आणि तशीच खिडकीशी गेली.

"अहो," तिने हाक मारली, "तसेच या. चूळ नंतर भरा. उजेड जाईल."

तोंडात फेस घेऊन नवरा बाहेर आला. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि मुकाट्याने खिडकीतल्या खुर्चीत जाऊन बसला.